फ्लशची टाकी वाहतच राहते? आधी पेन्सिल घ्या

संडासातल्या फ्लशच्या टाकीचं पाणी कधी बारीक धारेनं भांड्यात वाहतच राहतं. कधी कुणी वापरलेली नसताना टाकी मध्येच आवाज करून भरते. दोष दोन्हीकडे वेगळा असतो.

टाकीत पाणी येतं बॉलकॉकमधून. बाहेर जायला मात्र दोन वाटा आहेत. एक तळाचं भोक, त्यावर रबर बसलेलं असतं. दुसरी मधली उभी नळी. पाणी जादा झालं की ते नळीच्या तोंडातून भांड्यात उतरतं.

एका बचत गटाच्या सभागृहातली टाकी अशीच थोड्या थोड्या वेळानं भरायची. झाकण काढून पाहिलं. पाणी नळीच्या तोंडापासून बोटभर खालीच होतं, म्हणजे तिथून जात नव्हतं. मग टाकी पूर्ण भरू दिली, भिंतीजवळचा छोटा कॉक बंद केला आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीनं खूण केली. तासाभरात टाकी अर्धी झाली! दोष तळाच्या रबरात, हे नक्की झालं. टाकी 10 लिटरची, म्हणजे तासाला 5 लिटर, दिवसरात्रीत 120 लिटर. 15 लिटरचे आठ हंडे झाले की हो.

कॉक बंदच ठेवून फ्लश केलं, टाकी रिकामी झाली. मधला भाग हलक्या हातानं फिरवून वर काढला. बोअरच्या पाण्यामुळे रबरावर पांढरी खर बसली होती. नुसती खर असेल तर लिंबाच्या रसानं पुसून भागतं. रबर जिथे टेकतं ती कडही फडक्यानं पुसायची. सुरीनं खरवडू नका, चरा पडला तर नवं रबरही गळेल. इथलं रबर दाबून पाहिलं तर कडक झालेलं, म्हणून बदललं. दुकानात जुनं रबर सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात.

आता दुसरा दोष. पाणी नळीच्या तोंडातून सतत उतरत असेल तर बॉलकॉक बंद होत नाहीये. त्याचा फुगा हातानं वर उचला. पाणी थांबलं, तर फुगा फार वर लावलेला आहे किंवा त्यात पाणी शिरलंय. काढून कानाशी हलवा, डचमळलं तर बदला. नाहीतर स्क्रू फिरवून फुगा खाली घ्या, पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबलं पाहिजे. फुगा उचलूनही धार चालूच असेल, तर बॉलकॉकच्या आत रेतीचा कण अडकलाय किंवा वायसर झिजलंय. कॉक बंद करून तो खोला, धुवा. तरी थांबेना, तर अख्खा बॉलकॉकच नवा बसवा.

आणि हो, संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतू नका. रबर खराब होतं.