पीक विम्याचे पत्रक : मथळा आणि मजकूर



आपल्या संस्थेचे विद्यार्थी दर पावसाळ्याच्या तोंडावर आपापल्या गावी जातात. त्यांतील काहींच्या हाती ग्रामपंचायतीचे किंवा सेवा केंद्राचे लोक म्हणतात, "तू शिकलेला आहेस, पीक विम्याचे एक पत्रक लिहून दे." अशा वेळी काय लिहावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. आम्ही सोयाबीन पिकविणाऱ्या दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यापुरतेच बोलणार आहोत. विम्यावर त्याचा विश्वास उरलेला नाही आणि तो का उरला नाही, याला कारणे आहेत.

बहुतेक पत्रकांचा मथळा ठरलेला असतो. 'नैसर्गिक संकटात बळीराजाला भक्कम आधार', किंवा 'पीक विमा उतरवा, निश्चिंत राहा'. मागच्या वर्षी ज्याचे शेत नाल्याच्या पाण्याने खरवडून गेले आणि ज्याच्या खात्यावर एक रुपयाही आला नाही, तो शेतकरी हा मथळा वाचतो आणि पत्रकाची पुडी बांधतो. त्याला योजना कळत नाही असे समजणे ही आपली चूक होईल. त्याला योजनेचा अनुभव आहे, आणि मथळा त्या अनुभवाच्या विरुद्ध बोलतो आहे.

दुसरा मथळा आपण सर्वांनी पाहिला, 'एक रुपयात पीक विमा'. राज्याने ही सवलत २०२३ च्या खरिपापासून दिली होती. मथळा म्हणून तो जबरदस्त होता, चार शब्दांत काम फत्ते, अर्जांचा पूर आला. त्या पुरात बोगस अर्जही शिरले. परंतु त्या चार शब्दांत किंमत तेवढी होती. पैसे केव्हा मिळतात आणि केव्हा मिळत नाहीत, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ दराने लागू झाला. तो दर खरिपाच्या अन्नधान्य व तेलबियांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के असा आहे. म्हणजे आता शेतकरी खिशातून खरे पैसे काढणार, आणि खरे पैसे काढणारा माणूस खरा प्रश्न विचारतो, "माझे शेत गेले तर मला मिळतील का?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'एकट्याचे गेले तर नाही' असे आहे. पत्रक लिहिणाऱ्याला हेच उत्तर लपवावेसे वाटते. आमचे म्हणणे असे की ते मथळ्यात घालावे.

हे असे का, ते थोडे समजून घेऊ. प्रत्येक शेताचा वेगळा विमा ही कल्पना आपल्या देशात १९७० च्या दशकाच्या आरंभी गुजरातेत कपाशीवर आजमावली गेली, पण ती टिकली नाही. दोन एकरांचे नुकसान पाहायला माणूस पाठवायचा खर्च हप्त्याहून जास्त होतो, आणि पीक पावसाने गेले की निगा न राखल्याने गेले हे ठरविता येत नाही. १९७६ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी दुसरा मार्ग मांडला. एका भागातील शेतकऱ्यांवर पाऊस साधारण सारखाच रुसतो, म्हणून साऱ्या भागाचा सरासरी उतारा मोजावा आणि तो घटला तर त्या भागातल्या सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ पासून त्याचे प्रयोग झाले, १९८५ ची समग्र पीक विमा योजना त्यावरच उभी राहिली आणि आजची योजनाही मुळात त्याच पायावर आहे. तिच्यातील गुण आणि तिच्यातील अन्याय दोन्ही एकाच जागी आहेत. मोजले जाते ते महसूल मंडळ. तुमचे शेत त्यात एक ठिपका आहे.

मोजतात कसे? प्रमुख पिकासाठी एका मंडळात किमान १० पीक कापणी प्रयोग होतात. गावे व शेते चिठ्ठी काढल्यासारखी, कोणाच्या मर्जीविना निवडायची असतात. ठरलेल्या मापाचा तुकडा आखून, कापून, मळून वजन करतात. काही पिकांसाठी उपग्रहाच्या आधारे काढलेला अंदाजही आता जोडला जातो. यावरून मंडळाचा त्या वर्षीचा उतारा ठरतो. तो ज्या रेषेशी ताडून पाहतात तिला उंबरठा उत्पादन म्हणतात. मागील ७ वर्षांतील चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढायची आणि तिचे, आपल्या राज्यातील जोखीमस्तराप्रमाणे, ७० टक्के धरायचे. उतारा या रेषेखाली गेला तरच भरपाई.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, पत्रकात आपल्या मंडळाचे घालावेत. सरकारी कागदात सारे हेक्टरी असते. शेतकरी एकराने बोलतो, म्हणून अडीचाने भागून एकरी लिहावे. समजा मंडळाची सरासरी एकरी ५ क्विंटल आहे. तिचे ७० टक्के म्हणजे साडेतीन क्विंटल, हा उंबरठा झाला. विमा रक्कम एकरी २०,००० रुपये धरली तर २ टक्क्यांनी हप्ता ४०० रुपये. यंदा मंडळाचा उतारा २.८ क्विंटल आला. उंबरठ्यापेक्षा ०.७ कमी, म्हणजे उंबरठ्याच्या पाचवा हिस्सा. म्हणून विमा रकमेचा पाचवा हिस्सा, एकरी ४,००० रुपये, सर्वांना. ज्याला एकच क्विंटल झाले त्यालाही ४,००० आणि ज्याने विहिरीच्या पाण्यावर ४ क्विंटल काढले त्यालाही ४,०००.

आता हाच हिशेब जरा सरकवून पाहा. मंडळाचा उतारा ३.६ क्विंटल आला. पाचाचे साडेतीनच्या आसपास आले, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक पीक बुडाले. भरपाई शून्य. 'सारं शिवार गेलं तरी कंपनीनं काही दिलं नाही' अशी गावोगावची तक्रार आपण ऐकतो, ती पुष्कळदा या पट्ट्यातली असते. ३० टक्क्यांपर्यंतची तूट शेतकऱ्याच्या अंगावर राहते, ही गोष्ट आम्ही पाहिलेल्या पत्रकांत कुठेच लिहिलेली नव्हती.

म्हणून आम्ही मथळा असा सुचवितो :

'मंडळात सोयाबीनचा उतारा एकरी साडेतीन क्विंटलखाली गेला, तरच विम्याचे पैसे मिळतात. तुमच्या एकट्याचे शेत गेले तर मिळत नाहीत.'

आणि त्याखाली मजकूर :

'खरीप २०२५. आपल्या मंडळाचा हा हिशेब आहे, वाचून मग ठरवा. हप्ता एकरी ४०० रुपये. मंडळात एकरी २.८ क्विंटल झाले तर एकरी ४,००० रुपये. ३.६ झाले तर काही नाही. उतारा पीक कापणी प्रयोगावरून ठरतो. आपल्या गावात प्रयोग असेल त्या दिवशी शेतावर हजर राहा, वजन डोळ्यांनी पाहा. शेत बुडाल्यावर ७२ तासांत कळविण्याची जुनी सोय या हंगामात नाही. पैसे दिवाळीला येतील असे धरून उधारी करू नका. अर्जासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. शेतात जे पीक आहे तेच अर्जात आणि तेच ई-पीक पाहणीत लिहा, फरक पडला तर दावा बाद होऊ शकतो. ठोक्याने शेत करीत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागेल. सेवा केंद्राला अर्जामागे ४० रुपये कंपनी देते, तुम्ही हप्त्याशिवाय अर्जाचे वेगळे पैसे देऊ नका. पावती जपून ठेवा. तक्रारीसाठी फोन १४४४७.'

कोणी म्हणेल, असे लिहिले तर विमा कोण उतरविणार? काहीजण उतरविणार नाहीत, हे खरे. ज्याचे शेत ओलिताचे आहे आणि मंडळ कोरडवाहू, त्याला हा सौदा बरा पडतो. ज्याचे शेत नदीकाठी आहे आणि एकट्याचेच वारंवार बुडते, त्याला हे ४०० रुपये फारसे उपयोगी नाहीत, आणि पत्रकाने त्याला हे कळू द्यावे. जो हिशेब समजून पैसे भरतो, तो ३.६ चा आकडा आला तरी पुढच्या वर्षी पत्रकवाल्याला शिव्या घालीत नाही.

शब्दांच्या कसरतीने फारसे साधत नाही, याला पुरावाही आहे. पावसावर आधारित विम्याबाबत आंध्र प्रदेश व गुजरातेत संशोधकांनी शेतकऱ्यांवर प्रयोग केले, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. जाहिरातीची मांडणी थोडी इकडची तिकडे केल्याने विक्रीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आंध्रात मात्र विमा समजावणाऱ्या माणसाची ओळख गावात विश्वास कमावलेल्या संस्थेच्या कार्यकर्त्याने करून दिली, तेव्हा खरेदी वाढली. म्हणून पत्रकाच्या तळाशी गावातल्या कोणा माणसाचे नाव असावे. ज्याला चावडीवर गाठून विचारता येईल असा माणूस हवा, आणि त्याची संमती आधी घ्यावी.

एक सावधगिरी हंगामाची. ७२ तासांच्या सूचनेची जुनी पत्रके अजून सोसायटीच्या भिंतींवर दिसतात. २०२५ च्या खरिपात राज्याने स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, पेरणी न होणे अशा जादा बाबी वगळून पीक कापणी प्रयोगावरची भरपाई तेवढी ठेवली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांकडून होणारे नुकसान व भातशेती पाण्याखाली जाणे या गोष्टी २०२६ च्या खरिपापासून घेण्याचे जाहीर केले. आपल्या जिल्ह्यात, आपल्या पिकाला त्यातले काय लागू आहे, हे त्या हंगामाचा शासन निर्णय हाती घेऊनच लिहावे आणि पत्रकाच्या माथ्यावर हंगाम व वर्ष छापावे. वर दिलेल्या मजकुरातील '७२ तास' हे वाक्य म्हणूनच दर वर्षी तपासावे लागेल.

छापायला देण्यापूर्वी हे पत्रक गावातल्या एखाद्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा आणि कागद बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा. आजोबा, एकरी हप्ता किती? पैसे कशावरून ठरतात? आणि मंडळात पीक बरे आहे, पण ओढ्याच्या पाण्याने तुमचे एकट्याचे वाहून गेले, तर काय मिळेल? तिसऱ्याचे उत्तर 'काही नाही' असे आले तर छापायला द्या. 'मिळतील की काहीतरी' असे आले, तर मथळा पुन्हा लिहा.