नाव नीट सांगा

मुलांनो, आज तुमच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला दिला आहे. घरी आई-वडिलांसोबत तो वाचा. तुमचं नाव, आईचं नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख तपासा. चूक दिसली तर उद्याच या. हीच नोंद पुढे दहावीपर्यंत जाते. मग दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.

हायस्कुलात घंटा झाली की शिक्षक बदलतील. मी तुम्हांला नुसत्या आवाजावरून ओळखतो. तिथे सहावीत तुम्ही सगळ्यांना नवे. समजलं नाही तर हात वर करा, नाव सांगा आणि विचारा. पहिलीत पाटीवर आपलं नाव लिहिताना रडणारे तुम्हीच, आज फळ्यावर सुविचार लिहिता. जा पोरांनो. कधीतरी वर्गात डोकावा. नावानंच हाक मारीन.