गणिताचे गुण, भौतिकशास्त्राचे गुण

भौतिकशास्त्रात गुण कमी पडले की आपण मुलाला गणिताच्या क्लासला घालतो. त्याआधी सहसंबंधाचा तक्ता पाहू. त्यात आडव्या ओळींत आणि उभ्या रकान्यांत तेच विषय असतात. दोन विषय जिथे भेटतात तिथला आकडा १ च्या जितका जवळ, तितके त्यांचे गुण बरोबरीने वर-खाली होतात.

समजा, वर्गात गणित आणि भौतिकशास्त्र यांचा आकडा ०.८ आला. आता नजर मराठीच्या रकान्याकडे नेऊ. तिथे या दोन्ही विषयांपुढे ०.६ असेल, तर नियमित अभ्यास, घरचे वातावरण अशा गोष्टी तिन्ही विषयांत उतरल्या असणार. मराठीच्या गुणांशी जुळणारा भाग काढून हिशेब केला, तर ०.८ चे सुमारे ०.६९ होतात. म्हणजे दोघांचे वेगळे नाते उरतेच.

पण हा आकडा कारण सांगत नाही. सगळ्यांचे भौतिकशास्त्राचे दहा-दहा गुण घटले, तरी तो ०.८ च राहील. म्हणून आधी आपण मुलाची उत्तरपत्रिका उघडू. समीकरण बरोबर मांडून आकडेमोड चुकली असेल, तर गणिताचा सराव कामाला येईल. बल कोणत्या दिशेने लागते हेच कळले नसेल, तर गणिताच्या क्लासने भागणार नाही.