मेनूकार्ड छापायला देण्याआधी

आमच्या बचत गटाची रस्त्याकडेला छोटी खाणावळ आहे. मेनूकार्डाचं कच्चं प्रूफ छापखान्यातून आलं, तेव्हा आम्ही सगळ्याजणींनी वाचलं आणि सगळं बरोबर वाटलं. खरं तर पदार्थ पाठ होते, म्हणून नजर नुसती पुढे पळत होती. मग ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बघायची.

आधी फक्त नावं वाचली. थाळीच्या ओळीत ‘पिठलं’ होतं, भाकरीच्या ओळीत त्यालाच ‘झुणका’ म्हटलं होतं. कोरडा झुणका मागणाऱ्याच्या ताटात पातळ पिठलं गेलं, की भांडण ठरलेलं. आम्ही करतो पिठलंच, म्हणून दोन्हीकडे ‘पिठलं’ केलं.

मग दर. एकीने कार्डावरचा दर मोठ्याने वाचला, दुसरीने दरवहीत बोट ठेवून ताडून पाहिला. कुठे ‘८०/-’, कुठे ‘रु. ८०’, कुठे नुसतेच ८० होते. सगळीकडे ‘रु. ८०’ असं एकसारखं केलं. तेव्हाच सापडलं, की एका भाकरीचा दर १५ ऐवजी ९५ पडला होता! बारीक अक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात.

तिसरं वाचन मात्र कार्ड घेऊन चुलीपाशी केलं. काहींना शेंगदाणा, दूध किंवा गहू सोसत नाही. शेंगदाण्याने तर एखाद्याचा श्वास कोंडून जिवावर बेतू शकतं. म्हणून रांधणारीलाच विचारलं, ‘यात काय काय घालतेस?’ काकडीच्या कोशिंबिरीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यात दाण्याचं कूट आणि दही निघालं. ज्वारीच्या भाकरी-आमटीपुढे ‘गहू नाही’ असं छापलं होतं. पण आमटीत हिंग होता. हिंगाची डबी वाचली, तर घटकांत गव्हाचं पीठ! बाजारातल्या पुष्कळशा हिंगात ते मिसळलेलं असतं. शिवाय भाकरी थापताना कधी कधी गव्हाचं पीठ भुरभुरलं जात होतं. ‘गहू नाही’ हे शब्द आम्ही काढून टाकले.

कोशिंबिरीपुढे ‘शेंगदाणा, दूध’ लिहिलं, आमटीपुढे ‘गहू’. तरी एक अडचण उरली. कूट आणि चटणी एकाच मिक्सरमध्ये होतात. म्हणून ‘शेंगदाणा नाही’ असं कोणत्याच पदार्थापुढे लिहिलं नाही. उलट तळाशी ठळक छापलं: ‘आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा, गहू आणि दूध वापरतात. काही सोसत नसेल तर मागवण्याआधी सांगा.’

दुरुस्त प्रूफ आल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, कारण एक चूक काढताना छापखान्यात दुसरी घुसते. आता हिंगाची डबी बदलली, तरी आम्ही आधी तिच्यावरचे घटक वाचतो आणि मग कार्ड बघतो.