मॉक ट्रायल: पाहणारा कोणीच नाही, तरी खुनाचा आरोप

आज गप्पा नाहीत. मॉक ट्रायलसाठी लिहिलेलं सरकार पक्षाचं सुरुवातीचं निवेदन वाचून दाखवतो. केस काल्पनिक आहे, कायदा खरा. मध्येमध्ये थांबून थोडं बोलेन. ऐका.

"सन्माननीय न्यायालय, आरोपीवर भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 खाली खुनाचा आरोप आहे. मयत हा त्याचा धंद्यातला भागीदार. खून होताना कोणी पाहिलेला नाही, हे मी आधीच सांगतो. आमचा पुरावा परिस्थितीजन्य आहे.

रात्री 9.10 ला दोघं गोदामात शिरले. 9.50 ला आरोपी एकटाच बाहेर आला, शटर ओढलं, कुलूप लावलं. हे समोरचा टपरीवाला सांगेल आणि त्याच्या कॅमेऱ्याचं फुटेज कलम 63 च्या प्रमाणपत्रासह आपल्यासमोर येईल. सकाळी पंचांसमोर कुलूप तोडलं, तेव्हा आत प्रेत होतं. कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक मयताच्या खिशात मिळाली, दुसरी आरोपीकडे. मागच्या खिडकीचे गज शाबूत होते, तसं पंचनाम्यात नोंदलंय. डॉक्टर सांगतील की मृत्यू त्याच रात्रीचा, डोक्यावरच्या जड, बोथट वस्तूच्या माराने."

इथे थांबतो. आमच्या कथेचा कणा ही किल्ली आहे. 'शेवटचं एकत्र पाहिलं' एवढ्यावरच विसंबलात तर बचाव पक्ष विचारणार, नंतर दुसरं कोणी आलं नसेल कशावरून? बाहेरून लावलेलं कुलूप ती वाट बंद करतं. पुढे ऐका.

"आरोपीने पोलिसांना विहिरीतला लोखंडी पाना दाखवला. त्याच्या जबाबातलं, पाना विहिरीत टाकलाय, एवढंच मी वाचेन."

का एवढंच? 'त्याच पान्याने मारलं' हे पोलिसांपुढचं कबुलीचं वाक्य पुराव्यात चालत नाही. ज्यातून वस्तू सापडली, तेवढाच भाग चालतो. सरावात आमच्यातल्या एकाने जोशात सगळंच वाचलं, आणि न्यायाधीश झालेल्या सरांनी तिथेच अडवलं!

"पान्यावर रक्त मिळालेलं नाही. तो दोन दिवस पाण्यात होता. म्हणून आम्ही पान्यावर फार भार टाकत नाही. अशा वस्तूने ती जखम होऊ शकते, इतकंच डॉक्टर सांगतील.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1984. सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या दिल्या आणि त्या प्रकरणात आरोपी सुटला. सरकार हरलेला निकाल मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण मोजमाप तेच आहे. 'आरोपी दोषी असू शकतो' यावर शिक्षा होत नाही. 'दोषी असलाच पाहिजे' इथपर्यंत साखळी पोचली पाहिजे, आणि निर्दोषपणाशी जुळणारी दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये.

त्या चाळीस मिनिटांत आत काय झालं, हे आरोपीलाच माहीत आहे. कलम 109 प्रमाणे त्याने ते सांगावं, असं आम्ही म्हणू. पण आधी आमच्या कड्या आम्ही सिद्ध करू, त्या तुटल्या तर त्याच्या गप्प बसण्याने जोडल्या जाणार नाहीत. पहिला साक्षीदार टपरीवाला. त्याला बोलावण्याची परवानगी असावी."