एका कागदात दोन पत्रं: आडव्या-उभ्या ओळींचं पत्र कसं वाचायचं?

(या भागात बोललेला मजकूर, थोडा नीट करून)

खोडाळ्यातून बोलतोय. रेंज असेल तर आत्ताच ऐका, नसेल तर डाउनलोड करून ठेवा आणि कसाऱ्याच्या गाडीत ऐका. आज एक जुना कागद वाचायला शिकायचं आहे.

समजा, तुमच्या हातात एक पत्र आहे. पान नेहमीसारखं वरून खालपर्यंत लिहून भरलंय. मग लिहिणाऱ्याने तोच कागद आडवा फिरवला आणि त्याच ओळींवरून, काटकोनात, पुन्हा ओळी लिहिल्या. बघणाऱ्याला वाटतं ही चटईची वीण आहे. पण त्यात दोन पानांचा मजकूर आहे आणि तो वाचता येतो. इंग्रजीत याला क्रॉस्ड लेटर म्हणतात. आपण सोपं ठेवू: पहिला लिहिलेला तो आडवा थर, त्यावरून नंतर लिहिलेला तो उभा थर.

असं का करायचे? पैशासाठी. इंग्लंडमध्ये १८४० पर्यंत टपालाचा खर्च दोन गोष्टींवर ठरायचा: पत्र किती लांब जातंय आणि त्यात कागद किती आहेत. एक कागद असेल तर एक दर, दोन असतील तर दुप्पट. पाकीटसुद्धा एक कागद म्हणून मोजलं जायचं. म्हणून लोक पाकीट वापरतच नसत. मोठा कागद मधोमध दुमडायचा, चार पानं तयार व्हायची, चौथ्या पानाच्या मधोमध पत्ता लिहायचा, आणि घडी घालून लाखेने चिकटवायचं. गंमत म्हणजे हे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा. म्हणजे लिहिणारा दुसऱ्याचा खिसा वाचवायचा आणि त्याच्याच डोळ्यांना कामाला लावायचा! जेन ऑस्टेनच्या १८१५ साली आलेल्या ‘एमा’ कादंबरीत एक बडबडी मावशी भाचीच्या पत्राबद्दल हेच सांगते: पोरगी अख्खा कागद भरते आणि वर अर्ध्या कागदावर उभंही लिहिते.

आपल्याकडे हिशोब वजनाचा होता. १८३७ च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडायचा. तेव्हाचा रुपया, बरं का. १८५४ मध्ये देशभर एकच दर आला: पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमपेक्षा थोडं कमी. आपला झेरॉक्सचा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो. म्हणजे अर्ध्या आण्यात तुमचा अर्धाच कागद गेला असता. मग भारतात राहणारी इंग्रज माणसं पातळ कागद घेऊन तो दोन्ही दिशांनी का भरायची, ते कळतं.

मराठी पत्रांत मात्र ही पद्धत रुजली नाही. पेशवाईतल्या मोडी कागदांत मजकूर वाढला की खाली दुसरा तुकडा डकवायचे. पट्टी लांब होत जायची आणि शेवटी मोर्तब उमटवायचे, त्यावर ‘लेखनसीमा’ असा शब्द असायचा, म्हणजे लिखाण इथे संपलं. पण मला वाटतं, रुजलं असतं तरी चाललं नसतं, कारण आपली शिरोरेघ. त्याकडे येऊच. आधी वाचायचं कसं ते बघू.

यासाठी पत्र आपणच बनवू. वहीचा एक कागद घ्या आणि पेनने, पेन्सिलने नाही, हे आडवं लिहा. बहीण खोडाळ्यातून नाशिकला कामाला गेलेल्या भावाला लिहितेय:

“मंगळवार. दादा, आईला तीन दिवस ताप आहे. खोडाळ्यात औषध घेतलं, उतरला नाही. उद्या मोखाड्याला नेणार. पैसे कमी आहेत. तू लगेच निघून ये.”

ओळी अशा मोडा की पान भरेल. पत्र टाकायला जाणारं माणूस दोन दिवस सापडलं नाही. तोवर घरात बदल झाला. दुसरा कागद नाही. तिने तोच कागद फिरवला आणि उभं लिहिलं:

“आणि काल मोखाड्यात सुई दिली, रात्री ताप उतरला. आता येऊ नको, खाडा पडेल. नागली काढायला ये. तुझी बाय.”

आता हा कागद भावाच्या हातात आहे. त्याने उभा थर आधी वाचला तर क्रम असा होतो: ताप उतरला, येऊ नको, मग ताप आहे, लगेच ये. त्याला वाटेल आई पुन्हा आजारी पडली. तो काम टाकून निघेल. दोन्ही थर अचूक वाचले, एक अक्षर चुकलं नाही, आणि तरी निरोप उलटा झाला. म्हणून पहिलं काम अक्षरं लावायचं नाही, क्रम लावायचं.

क्रम कसा लावायचा? ज्या थरात तारीख आणि ‘दादा’ आहे तो पहिला. दुसरा थर बहुतेक वेळा मधूनच सुरू होतो. आपल्या पत्रात तो ‘आणि’ने सुरू झालाय. चार पानांच्या जुन्या पत्रात माणूस पहिलं, दुसरं, तिसरं पान लिहायचा, चौथ्यावर पत्त्याच्या आजूबाजूची जागा भरायचा आणि मग परत पहिल्या पानावर येऊन उभं लिहायचा. त्यामुळे सही शेवटच्या पानावर शोधू नका. ती पुष्कळदा पहिल्याच पानावर, आडव्यावरून उभी असते. आणि कुठली शाई गडद आहे यावरून क्रम ठरवू नका. बोरू किंवा टाक बुडवला की चार शब्द गडद येतात, मग फिके होत जातात. दोन्ही थरांत तसंच होतं.

क्रम लागला की वाचन. कागद असा धरा की जो थर वाचायचा तो तुमच्यासमोर आडवा येईल. जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी लांब खाच पाडा आणि तो पानावर ठेवा. खाचेतून एकच पूर्ण ओळ दिसते. दुसऱ्या थराचे फक्त तुकडे दिसतात, त्यांचे शब्द बनत नाहीत, म्हणून डोळा त्यांना सोडून देतो. ओळ संपली की पुठ्ठा खाली सरकवा.

मोबाइलवरही हेच करता येतं. फोटो बरोबर वरून काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. मग ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर फोन तिरका झाला की चित्र फिरतं आणि तुम्ही नकळत दुसऱ्या थरात जाता. फोटोच्या दोन प्रती करा, एक सरळ, एक नव्वद अंशांत फिरवलेली. प्रत्येकीतून एकेक ओळीची पट्टी क्रॉप करा आणि मोठी करून वाचा.

पातळ कागद असेल तर मागच्या पानाची शाईसुद्धा पुढे उमटते, आणि वाटतं तिसरा थर आहे. ओळखायची खूण सोपी: फोटो आरशासारखा उलटा करा. तेव्हा जी अक्षरं वाचता आली, ती मागच्या पानाची. त्यांना बाजूला ठेवा.

लिहून घेताना दोन वेगळी पानं करा, एक आडव्या थराचं, एक उभ्याचं. मूळ ओळ जिथे मोडते तिथेच मोडा आणि ओळींना नंबर द्या. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने शब्द भरू नका. घसरलात कुठे ते व्याकरण सांगतं. समजा तुम्ही लिहिलंत, “तीन दिवस ताप उतरला आहे”. वाक्य वाकडं वाटतंय ना? तुम्ही ‘ताप’ या शब्दावर एका थरातून दुसऱ्यात उडी मारली. एकच शब्द दोन्ही थरांत असेल तिथे ही उडी हमखास बसते.

आता शिरोरेघ. इंग्रजी वळणदार अक्षर तिरकं असतं आणि त्याला लांब सरळ रेघा नसतात, म्हणून काटकोनातले दोन थर डोळ्याला वेगळे करता येतात. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर रेघ आणि बऱ्याच अक्षरांच्या अंगात उभा दांडा. कागद फिरवला की उभ्या थराची शिरोरेघ आडव्या थरात काना बनून उभी राहते, आणि काना शिरोरेघेचा तुकडा बनतो. तुमच्याच पत्रात बघा: “पैसे कमी आहेत”मध्ये ‘क’ आणि ‘मी’च्या मधून दुसऱ्या थराची रेघ गेली तर ते “पैसे कामी” दिसेल. ‘मल’चा ‘माल’ होईल, ‘बर’चा ‘बार’. मोडीत तर आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. तसं दोन्ही दिशांनी केलं तर खिडकीची जाळीच!

खरा काना ओळखायची एक युक्ती आहे. रेघेचा माग काढा. काना शिरोरेघेपासून निघतो आणि अक्षराच्या उंचीएवढाच असतो. रेघ शिरोरेघ ओलांडून वर गेली किंवा खालच्या ओळीत उतरली, तर ती परकी. फक्त दुसऱ्या थरातला शब्द नेमका तेवढाच आखूड असेल तर हे फसतं. तिथे दुसऱ्या थराची ती ओळ आधी वाचून घ्या. त्या जागी कुठला शब्द आहे कळलं की त्याच्या रेघा मनातून वजा करता येतात. म्हणून दोन्ही थर आलटूनपालटून, दोन-तीन फेऱ्यांत वाचावे लागतात. पहिल्या फेरीत जेवढं लागेल तेवढंच घ्यायचं.

इंग्लंडमध्ये १८४० साली अर्ध्या औंसापर्यंत एक पेनी असा दर आला आणि आडव्या-उभ्या लिखाणाचं मोठं कारण गेलं, तरी सवय लगेच गेली नाही. ‘ॲलिस’वाला लुईस कॅरल १८९० सालीही पत्रलेखनाच्या छोट्या पुस्तकात लोकांना बजावत होता की कागद संपला तर दुसरा घ्या, पण लिहिलेल्यावरून लिहू नका. आपल्याकडे १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. घरात जुनी पोस्टकार्डं असतील तर काढून बघा. समासात, पत्त्याच्या कडेला, कार्ड फिरवून लिहिलेल्या ओळी सापडतील. त्या ओळी सगळ्यात शेवटी लिहिलेल्या असतात, म्हणून शेवटीच वाचायच्या, मग त्या कार्डाच्या अगदी वरच्या कडेला का असेनात.

तर आजचं काम: ते बहिणीचं पत्र लिहा, मित्राला द्या आणि एकच प्रश्न विचारा, भावाने जायचं की नाही? भेटू पुढच्या भागात.