तिकडची रात्र, इकडची सकाळ

अमेरिका-कॅनडातल्या महाराष्ट्र मंडळांची एक मोठी संघटना आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळ. दर दोन वर्षांनी ती मोठं अधिवेशन भरवते. नाटक, गाणी, आपलं जेवण, पैठणीचे स्टॉल, सगळं असतं. 2024 साली 27 ते 30 जूनला ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात झालं. अशा सोहळ्याची तिकिटं महिनोन्‌महिने आधी विकावी लागतात. समजा, त्या तिकिटांची जाहिरात मोबाइलवरून पाठवायचं काम आपल्या संभाजीनगरातल्या गटाकडे आलं. तर ती कधी पाठवायची?

आपल्या सोयीने दुपारी दोनला पाठवली, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. सकाळी उठेपर्यंत आपला निरोप इतर निरोपांच्या ढिगाखाली जातो. तिकीट काढायचं म्हणजे नवरा-बायकोने बसून ठरवायचं, पैसे भरायचे. त्याला जेवणानंतरची वेळ बरी, म्हणजे तिकडचे रात्रीचे साडेआठ.

पण अमेरिकेत साडेआठ सगळीकडे एकदम वाजत नाहीत. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा असतात. शिकागोला वाजतात तेव्हा सात, आणि सॅन होजेला वाजतात तेव्हा नऊ. म्हणून एकच जाहिरात तीन वेळा, त्या त्या गावच्या गटाला पाठवायची. वारही लक्षात ठेवा. त्यांची रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात. आपली घड्याळं हलत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात आपल्या वेळा सात, आठ, दहा अशा होतात.

खरा घोळ होतो तो सवलतीच्या शेवटच्या दिवशी. ‘31 मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत स्वस्त तिकीट’ एवढंच लिहिलं, तर मध्यरात्र कुणाची? आपल्या मध्यरात्रीला सवलत बंद केली, तर सॅन होजेत 31 तारखेचे सकाळचे साडेअकराच वाजलेले असतील. संध्याकाळी निवांत पैसे भरू म्हणणाऱ्या बाईला जास्त दर दिसेल आणि फसवलं असं वाटेल. म्हणून स्पष्ट लिहा: ‘सॅन होजेच्या वेळेनुसार 31 मार्च, रात्री 11 वाजून 59 मिनिटं.’ शेजारी न्यूयॉर्कची वेळही द्या: 1 एप्रिल, पहाटे 2 वाजून 59 मिनिटं. आपल्याकडे तेव्हा 1 एप्रिलचे दुपारचे साडेबारा होत आलेले असतील. तोवर सवलत चालू ठेवायची.

वेळ बरोबर होती का, हे वहीत कळतं. प्रत्येक जाहिरातीनंतर दोन तासांत कोणत्या गावातून किती तिकिटं गेली, ते लिहा. एका गावाचा रकाना सतत रिकामा राहिला, तर आधी तिथलं घड्याळ तपासा. वेळ बरोबर असूनही विक्री नसेल, तर अडचण दराची किंवा प्रवासखर्चाची असू शकते. ती जाहिरातीची वेळ बदलून सुटत नाही.

फोनच्या घड्याळात ‘जागतिक घड्याळ’ असतं. त्यात ही तीन शहरं जोडून ठेवा आणि निरोप पाठवण्याआधी एकदा बघा.